लक्ष उडालं, हे लगेच कळायला हवं

"मोबाइलवर गेम दोन-दोन तास खेळतो, मग पुस्तक उघडलं की दहा मिनिटंही का बसत नाही?" आठवी-नववीतल्या मुलांच्या घरात हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: मुलाला अभ्यास करायचा नाही. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण काही मुलं अशी असतात, की त्यांना अभ्यास करायचा असतो, ती वेळेवर बसतात, पुस्तक समोर धरतात आणि तरी तासाभराने त्यांच्या डोक्यात काहीच उरलेलं नसतं. या मुलांसाठी वरच्या प्रश्नाचं खरं उत्तर गेममध्येच दडलेलं आहे. गेममध्ये दर दोन-चार सेकंदांना काहीतरी कळतं. निशाणा लागला की चुकला, पुढे गेलो की बाद झालो, हे ताबडतोब दिसतं. लक्ष जरा हललं की गेम लगेच हरवतो, आणि त्या हरण्यानेच लक्ष परत जागेवर येतं. पुस्तकाचं पान मात्र गप्प असतं. तुम्ही वाचता आहात की नुसती नजर फिरवता आहात, हे ते सांगत नाही.

एका मुलाने हा फरक ओळखून आपल्या अभ्यासाची पद्धत कशी बदलली, त्याची ही गोष्ट. मुलगा काल्पनिक आहे. त्याला आपण सोहम म्हणू आणि त्याचं घर कराडमध्ये आहे असं धरू. त्याने वापरलेली पद्धत मात्र खरी आहे, तिच्यामागचे प्रयोगही खरे आहेत, आणि ती कुणालाही वहीच्या कागदावर करून बघता येते.

सोहम नववीत आहे, राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत. वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचा हात वर जातो. डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी यांतलं काहीतरी आठवड्यातून दोनदा शाळेतच राहतं. वहीत पहिले दोन प्रश्न नीट लिहिलेले असतात, तिसरा अर्धा असतो आणि चौथ्याच्या जागी विमानाचं चित्र. सहावीत असताना शाळेने सुचवलं म्हणून आई-बाबांनी त्याला बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं होतं. तिथे त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्वतःला थांबवणं आणि शरीर स्थिर ठेवणं यांत वयाच्या मानाने बरीच जास्त अडचण असणं. जगभरातल्या पाहण्यांनुसार साधारण शंभरातल्या पाच मुलांमध्ये ती आढळते. निदान एका भेटीत किंवा एका चाचणीवर होत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आतच दिसायला लागलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी जाणवावी लागतात. फक्त गणिताच्या तासाला लक्ष लागत नसेल, तर कारण दुसरंच काहीतरी असू शकतं. शिवाय सगळीच मुलं चुळबुळी नसतात. काही शांत बसून खिडकीबाहेर बघत राहतात, कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. मुलींच्या बाबतीत असं अधिक घडतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की या मुलांना काय करायचं हे ठाऊक असतं. ठाऊक असलेलं त्या क्षणी करणं त्यांना जमत नाही. म्हणून सकाळी दिलेला उपदेश संध्याकाळी कामाला येत नाही. मदत हवी ती जिथे काम चाललंय तिथे, आणि जेव्हा चाललंय तेव्हा. सोहमच्या गोष्टीत पुढे जे घडतं, त्याचं मूळ इथे आहे.

पहिल्या घटक चाचणीत सोहमला विज्ञानात वीसपैकी सहा गुण मिळाले. आईला ते पटेचना, कारण तिने त्याला रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेलं बघितलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी त्याला पुस्तक घेऊन बोलावलं. पहिलाच धडा, 'गतीचे नियम'. धड्याची पहिली पानं पिवळ्या मार्करने रंगलेली होती.

"हा धडा किती वेळा वाचलास?" बाईंनी विचारलं.

"चार-पाच वेळा, बाई."

"बरं. आता पुस्तक मिट आणि सांग, अंतर आणि विस्थापन यांत फरक काय?"

सोहम थांबला. त्याला ते पान दिसत होतं, उजवीकडची आकृती दिसत होती, पिवळी रेघही दिसत होती. रेघेखालचे शब्द मात्र येत नव्हते. "येतं मला बाई, आत्ता आठवत नाहीये," तो म्हणाला.

बाईंनी पुस्तक उघडून ते वाक्य दाखवलं. "हां, हेच! हे माहीत होतं मला," सोहम लगेच म्हणाला.

या दोन वाक्यांमधल्या अंतरात बहुतेक मुलांचा अभ्यास फसतो. समोर दिसलं की ओळखता येणं वेगळं आणि समोर नसताना आठवता येणं वेगळं. परीक्षेत दुसरं लागतं, आणि पुन्हापुन्हा वाचल्याने पहिलंच वाढतं. धडा तिसऱ्यांदा वाचताना वाक्यं ओळखीची वाटतात, म्हणून येतंय असं वाटतं.

यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी छोटे उतारे वाचायला दिले, एक सूर्याबद्दलचा आणि एक समुद्री ऊदमांजरांबद्दलचा. वाचून झाल्यावर एका वेळी मुलांनी उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या वेळी उतारा न बघता आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणं थोडं सरस ठरलं: वाचून ८१ टक्के आठवलं, लिहून काढून ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. म्हणजे परीक्षेच्या दाराशी उभं राहून वाचलं तर वाचन कामाला येतं, पण पुढच्या आठवड्यासाठी आठवण्याचा सरावच टिकतो.

हे सगळ्याच विद्यार्थ्यांना लागू आहे. एडीएचडी असलेल्या कॉलेजच्या मुलांवर असा प्रयोग झाला, तेव्हा त्यांनाही हा फायदा मिळाला. पण माझ्या मते सोहमसारख्या मुलासाठी या पद्धतीचं मोल आणखी एका कारणाने आहे. वाचताना लक्ष उडालं तर ते त्याला दोन पानांनंतर कळतं, किंवा कळतच नाही. प्रश्नाचं उत्तर पुस्तकाशिवाय द्यायचं असेल, तर लक्ष उडाल्याचं अर्ध्या मिनिटात कळतं, कारण उत्तर येत नाही. लक्ष उडूच नये असा बंदोबस्त या मुलांना क्वचितच साधतो. ते उडाल्यावर परत येण्याची वाट छोटी करणं मात्र साधतं.

बाईंनी सोहमला पद्धत सांगण्याआधी एक मोजमाप करायला सांगितलं. संध्याकाळी अभ्यासाला बसताना घड्याळातली वेळ वहीच्या कोपऱ्यात लिहायची. मन दुसरीकडे गेल्याचं पहिल्यांदा ध्यानात येईल, तेव्हाची वेळ शेजारी लिहायची. चारपाच दिवस एवढंच करायचं. ओरडा नाही, शिक्षा नाही, खाडाखोड नाही. सोहमचे आकडे आले: ९ मिनिटं, ११, ७, १०, ८. गणिताला थोडे जास्त, इतिहासाला कमी. त्याला स्वतःला वाटत होतं की आपण निदान अर्धा तास तरी टिकत असू.

मग बाईंनी गजर लावायला सांगितला तो आठ मिनिटांचा. इथे बरेच पालक गडबडतात. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर वापरून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी अशी पद्धत बसवली. ती 'पोमोडोरो' नावाने जगभर गाजली, आणि आता पंचवीस हा आकडा सगळ्यांना सरसकट सांगितला जातो. नऊ मिनिटांनी ज्याचं मन भटकतं, त्याला पंचवीस मिनिटांचा गजर लावला तर उरलेली सोळा मिनिटं तो रोज हरतो. आकडा मुलाच्या मोजमापातून यायला हवा, आणि तो मोजमापापेक्षा किंचित कमीच हवा, म्हणजे गजर वाजतो तेव्हा मूल अजून कामात असतं. मोठ्या माणसांच्या एडीएचडीवर वापरल्या जाणाऱ्या वर्तनोपचारातही हेच करतात: आधी आपलं लक्ष किती वेळ टिकतं ते मोजायचं आणि कामाचे तुकडे त्या मापाचे पाडायचे.

त्याच उपचारातली आणखी एक युक्ती बाईंनी दिली. शेजारी एक कोरा कागद ठेवायचा, त्यावर वर 'नंतर' असं लिहायचं. अभ्यास करताना डोक्यात काही आलं, सायकलची हवा, मित्राला द्यायचं पुस्तक, मॅचचा स्कोअर, की उठायचं नाही. दोन शब्दांत त्या कागदावर लिहायचं आणि पुढे जायचं. आठ मिनिटं संपली की तो कागद बघायचा. पहिल्या दिवशी सोहमच्या कागदावर नऊ गोष्टी होत्या. गजर वाजल्यावर वाचून बघितलं, तर त्यातल्या दोनच खरोखर करण्याजोग्या निघाल्या. विचार विसरला जाईल ही धास्ती गेली की त्याच्यामागे धावण्याची गरज उरत नाही.

आता मुख्य काम: कार्डं. जाड कागदाचे पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे तुकडे. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. एका कार्डावर एकच प्रश्न, आणि उत्तर एका श्वासात सांगता येईल एवढंच. सोहमने पहिलं कार्ड केलं त्यावर लिहिलं होतं, 'न्यूटनचे गतीविषयक नियम स्पष्ट करा', आणि मागे सगळं पान उतरवलं होतं. बाईंनी ते बाजूला ठेवलं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला 'थोडं येतं' असंच उत्तर मिळतं, आणि थोडं येतं म्हणजे नेमकं काय येत नाही ते कळत नाही. त्या एका कार्डाची सात कार्डं झाली. त्यांतली आणि त्याच धड्यातली काही अशी:

'धावपटूने ४०० मीटरच्या मैदानाची एक पूर्ण फेरी मारली. अंतर किती? विस्थापन किती?' मागे: 'अंतर ४०० मीटर. विस्थापन शून्य, कारण निघाला तिथेच परत आला.'

'चालती बस एकदम थांबली की आपण पुढे का झुकतो?' मागे: 'जडत्व. शरीर आपली गतीची अवस्था टिकवू बघतं.'

'बंदूक झाडल्यावर खांद्याला धक्का का बसतो? कितवा नियम?' मागे: 'गोळी पुढे जाते तेव्हा तेवढंच बल उलट दिशेने बंदुकीवर. तिसरा.'

'v = u + at यात u म्हणजे काय?' मागे: 'सुरुवातीचा वेग.'

कार्डं करणं हाही अभ्यासच असतो, कारण प्रश्न काढायचा तर वाक्याचा अर्थ लावावा लागतो. सोहम पुस्तक वाचायचा तेही आता कार्डासाठी. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं, त्यातून एक प्रश्न काढायचा, मग पुढचा परिच्छेद. नुसतं वाचताना सुटणारं मन इथे फार वेळ सुटू शकत नाही, कारण परिच्छेदाच्या शेवटी काहीतरी करून दाखवायचं असतं.

एका संध्याकाळचं उदाहरण बघू. टायमर आठ मिनिटांवर, हातात दहा कार्डं. सोहम प्रश्न वाचतो, उत्तर मोठ्याने बोलतो आणि मगच कार्ड उलटतो. बरोबर आलं की उजवीकडे, चुकलं की डावीकडे. पहिली तीन उजवीकडे गेली. चौथ्या कार्डावर गणित होतं: 'गाडी विराम अवस्थेतून निघाली. त्वरण 2 m/s². ५ सेकंदांनंतर वेग किती?' सोहमने कच्च्या कागदावर v शून्य धरला, आणि मग शोधायचं काय तेच त्याला कळेना. कार्ड उलटलं. मागे लिहिलं होतं: v = 0 + 2 × 5 = 10 m/s. शून्य होता तो u, सुरुवातीचा वेग; त्याने तो शेवटच्या वेगाला देऊन टाकला होता.

पूर्वी हे गणित वहीत चुकलं असतं, बाईंनी लाल फुली मारली असती आणि वही आठवड्याने परत मिळाली असती. तोवर नेमकं काय चुकलं याचा मागमूसही उरला नसता. आता चूक ताजी होती, म्हणून सोहमने तिथल्या तिथे नवीन कार्ड केलं: 'गणितात "विराम अवस्थेतून" असं दिसलं की कुणाची किंमत शून्य?' मागे: 'u ची.' सहामाहीत या धड्यावर आलेलं गणित त्याला या छोट्या कार्डामुळे सुटलं.

कार्डं एकदा म्हणून संपत नाहीत. ती कधी पुन्हा घ्यायची, याची एक सोपी व्यवस्था सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली आपल्या पुस्तकात मांडली होती. मूळ पद्धतीत कप्पे जास्त आहेत. सोहमने तीन खोकी घेतली, बुटांच्या दुकानातली. सगळी नवी कार्डं पहिल्या खोक्यात. पहिलं खोकं रोज उघडायचं, दुसरं मंगळवारी आणि शुक्रवारी, तिसरं फक्त रविवारी. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात जातं. चुकलेलं कार्ड, मग ते कुठल्याही खोक्यातलं असो, परत पहिल्यात येतं. त्यामुळे न येणारं रोज समोर येतं आणि येणाऱ्यावर वेळ जात नाही. थोडं विसरायला लागल्यावर आठवण्याचा प्रयत्न केला की ते अधिक पक्कं होतं, हे या मोठ्या होत जाणाऱ्या अंतरांमागचं कारण.

सोहमसाठी या खोक्यांचा आणखी एक उपयोग झाला. 'अभ्यास कर' या दोन शब्दांत सुरुवात कुठून करायची ते नसतं, आणि सुरुवात हीच त्याची सगळ्यात मोठी अडचण होती. रोज काय उचलायचं ते आता खोकी ठरवत होती. पहिल्या खोक्यातली वरची दहा कार्डं, एवढाच निर्णय.

दोन खेपांमधल्या चार मिनिटांत तो अंगणात फिरायचा, पाणी प्यायचा. मोबाइल घ्यायचा नाही हे ठरलेलं होतं, कारण मोबाइलला चार मिनिटं पुरत नाहीत. पुढे पुढे तर तो कार्डं म्हणायचाही फिरतफिरत. आजीला ते आवडायचं नाही. "एका जागी बूड टेकून बस की रे, असा अभ्यास होतो का कुठं?" ती म्हणायची. एडीएचडी असलेल्या १० ते १७ वयाच्या मुलांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे. मुलांच्या घोट्याला हालचाल मोजणारं यंत्र बांधून त्यांना लक्ष द्यायला लावणारं काम दिलं होतं. या मुलांची उत्तरं बरोबर येत होती, तेव्हा त्यांची हालचाल अधिक जोराची असल्याचं आढळलं. ज्यांना एडीएचडी नाही, त्यांच्यात असा संबंध दिसला नाही. म्हणजे हलणं हे लक्ष नसल्याचं लक्षण धरून या मुलांना बसवून ठेवलं, तर ताकद बसून राहण्यातच खर्च होण्याचा धोका असतो. फक्त हलणं असं हवं, की डोळे आणि तोंड कामात राहतील. चालत कार्ड म्हणता येतं. चेंडू झेलत धडा वाचता येत नाही.

पद्धत सुरू झाली आणि सगळं सुरळीत झालं, असं झालं नाही. तीन ठिकाणी ती अडली, आणि बहुतेक मुलांची ती याच ठिकाणी अडते.

पहिली अडचण टायमरची. सोहमने तो मोबाइलवर लावला. गजर बंद करायला मोबाइल हातात घेतला, त्यावर मेसेज होता, आणि चार मिनिटांची चाळीस झाली. आईने बाजारातून स्वयंपाकघरातलं फिरवायचं टायमर आणून दिलं. त्यात उरलेला वेळ काट्यावर दिसतो, हाही फायदा. या मुलांना वेळ किती गेला याचा अंदाज आतून नीट येत नाही, म्हणून तो बाहेर, डोळ्यांसमोर दिसायला लागतो.

दुसरी अडचण जास्त फसवी. दोन आठवड्यांनी तिसरं खोकं भरून गेलं, म्हणजे सगळं येत होतं. बाईंनी त्यातली पाच कार्डं विचारली, तर दोन आली. झालं असं होतं, की कंटाळा आला की सोहम प्रश्न वाचायचा, मनात 'हे येतं' म्हणायचा आणि कार्ड उलटायचा. उत्तर दिसलं की ओळखीचं वाटायचं, आणि कार्ड उजवीकडे जायचं. पिवळ्या मार्करचाच प्रकार पुन्हा, फक्त कागद वेगळा. त्यावर नियम ठरला: आधी तोंडाने बोललेलं किंवा कागदावर लिहिलेलंच उत्तर धरायचं, मनातलं नाही. आठवड्यातून दोनदा धाकटी बहीण कार्ड हातात धरायची आणि सोहम उत्तर द्यायचा. तिला त्यातलं विज्ञान कळण्याची गरज नव्हती. मागे लिहिलेलं जुळतंय का एवढंच बघायचं होतं.

तिसरी अडचण गणपतीनंतर आली. सुट्टीत आठवडाभर खोकी उघडलीच नव्हती. परत बसला तेव्हा पहिल्या खोक्यात साठ-सत्तर कार्डं होती आणि ती बघूनच त्याने झाकण लावलं. इथे बरीच मुलं पद्धत सोडून देतात, आणि घरचे म्हणतात, "बघा, हेही चार दिवसांचंच नाटक होतं." खरं तर नव्याची नवलाई ओसरणं या मुलांच्या बाबतीत ठरलेलंच असतं, म्हणून परत कसं यायचं याचा नियम आधीच करून ठेवावा लागतो. सोहमचा नियम असा ठरला: खाडा पडला तर मागचं भरून काढायचं नाही. वरची दहा कार्डं, आठ मिनिटं, त्या दिवसाचं संपलं. बाकीची उद्या. सत्तर कार्डं आठवड्यात खाली आली.

सहामाहीत सोहमला विज्ञानात चाळीसपैकी चोवीस मिळाले. इतिहासात फारसा फरक पडला नाही. सनावळ्या आणि नावं आली, पण 'सविस्तर उत्तरे लिहा' मध्ये दोन ओळींवर तो अडकला. कार्डाची मर्यादा इथे आहे. सुटे मुद्दे, व्याख्या, सूत्रं, शब्दार्थ यांना ते उत्तम. लांब उत्तरात मुद्द्यांची ओळ लावावी लागते. त्यासाठी त्याने पुढे वेगळी कार्डं केली: समोर प्रश्न, मागे फक्त चार-पाच मुद्द्यांची नावं क्रमाने, आणि आठवड्यातून एकदा त्यांतल्या एकाचं उत्तर पूर्ण लिहून बघणं. गणितालाही सूत्रांची कार्डं पुरत नाहीत, उदाहरणं सोडवावीच लागतात. तिथे आठ मिनिटांत दोन उदाहरणं आणि लगेच उत्तर ताडून बघणं, एवढंच त्याने उचललं.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. अभ्यासाची पद्धत हा एडीएचडीवरचा उपचार नाही. सोहमची अडचण मध्यम आहे. काही मुलांची त्याहून बरीच जास्त असते आणि आठ मिनिटं सोडाच, तीन मिनिटंही हाताशी येत नाहीत. अशा मुलांना डॉक्टर औषध सुचवू शकतात. मिथिलफेनिडेट हे त्यासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध आहे आणि ते तज्ज्ञांच्या चिठ्ठीवरच, त्यांच्या देखरेखीखाली घ्यायचं असतं. औषधाने लक्ष टिकायला मदत होते, पण त्या लक्षाचं काय करायचं हे औषध शिकवत नाही. ज्यांना औषध लागतं, त्यांनाही पद्धत लागतेच.

मग पद्धत आपल्याला जुळते आहे की नाही, हे ओळखायचं कसं? गुणांची वाट बघायला नको, ते उशिरा येतात. एका विषयाचा एकच धडा घ्यावा, त्याची वीस-पंचवीस कार्डं करावीत आणि दोन आठवडे खोक्यांच्या नियमाने चालवावीत. मग घरातल्या कुणीतरी तिसऱ्या खोक्यातली दहा कार्डं विचारावीत. सात-आठ आली, तर पद्धत लागू पडली; दुसरा धडा घ्यायला हरकत नाही. तीन-चारच आली, तर आधी बघावं की उत्तर बोलायच्या आत कार्ड उलटलं जातंय का, आणि कार्डावर एकाऐवजी तीन प्रश्न कोंबलेत का. बहुतेक वेळा दोष या दोहोंपैकी एकात सापडतो.

आणि हे दोन्ही नीट असूनही कार्डं पहिल्या खोक्यातून हलत नसतील, तर मुलाला एक कार्ड मोठ्याने वाचायला सांगावं. अक्षरं जुळवताना अडखळत असेल, ओळ सुटत असेल, 'विस्थापन' आणि 'विस्थापित' एकच वाचत असेल, पण तोच प्रश्न कुणी वाचून दाखवला की पटकन उत्तर देत असेल, तर अडचण लक्षाची नसून वाचनाची असू शकते. एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमता असणं मुळीच दुर्मीळ नाही. तिची वेगळी तपासणी होते, मोठ्या शहरांतल्या काही सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतही होते, आणि प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ती प्रक्रिया काही महिने घेते. म्हणून हा संशय नववीत आला, तर तपासणीची वेळ नववीतच घ्यावी. दहावीचे फॉर्म भरायला लागल्यावर नाही.